शेवेचा प्रश्न आणि दहापैकी साडेतीन: सेगमेंटेशन, टार्गेटिंग, पोझिशनिंग नेमकं कुठे मिसळतं

भाचीने कॉपी माझ्यासमोर टेबलावर टाकली. इंदुरात उत्तरपत्रिकेला आम्ही मराठी घरांतही कॉपीच म्हणतो. "मावशी, तूच बघ. तिन्ही मुद्दे लिहिलेत, उदाहरण दिलंय, दोन पानं भरलीत. तरी दहापैकी साडेतीन. मॅडमनी वाचलंच नसणार."

मॅडमनी वाचलं होतं. समासात तीन ठिकाणी लाल प्रश्नचिन्हं होती आणि तिन्ही योग्य जागी होती. मी स्वतः वाणिज्य शिकवते, दरवर्षी कॉप्यांचे गठ्ठे तपासते, आणि या प्रश्नावर अशीच उत्तरं इतकी पाहिली आहेत की पहिली ओळ वाचूनच पुढे काय होणार ते कळतं. व्याख्या पाठ असतात, गुण जातात ते एका टप्प्याचं काम दुसऱ्या टप्प्याच्या शीर्षकाखाली केल्यामुळे. म्हणून तिचंच उत्तर घेऊन ते कुठे फसलं आणि कसं लिहायला हवं होतं, ते इथे मांडते.

प्रश्न असा होता. इंदूरमधला एक नमकीन उत्पादक तळलेल्या शेवेऐवजी भाजलेली, कमी तेलाची शेव आणतो आहे. त्याच्या भट्टीची क्षमता दिवसाला २०० किलो. २०० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ९० रुपये. बाजारात साधी सुटी शेव २६० रुपये किलो आहे. या उत्पादकासाठी बाजार विभागणी, लक्ष्य बाजाराची निवड आणि पोझिशनिंग समजावून सांगा. गुण १०. आकडे प्रश्नातले, काल्पनिक आहेत. पण ते उगाच दिलेले नव्हते. भाचीने त्यातला एकही वापरला नव्हता, तो भाग पुढे येईलच.

तिने हिंदीत लिहिलं होतं. त्यातला गाभा मराठीत असा:

"बाजार विभागणी म्हणजे मोठ्या बाजाराचे छोटे भाग करून त्यातला योग्य भाग निवडणे. ही कंपनी आरोग्याबद्दल जागरूक लोकांसाठी शेव बनवते. टार्गेटिंग म्हणजे आपला माल ग्राहकांपर्यंत पोहोचवणे. कंपनी २० ते ५० वयाच्या, शहरी, चांगल्या उत्पन्नाच्या लोकांना टार्गेट करते आणि त्यासाठी सोशल मीडियावर जाहिरात देते. पोझिशनिंग म्हणजे उत्पादनाला बाजारात योग्य स्थान देणे. कंपनी ही शेव मोठ्या दुकानांत दर्शनी जागी ठेवते, किंमत थोडी जास्त ठेवते आणि उत्तम दर्जा देते. अशा रीतीने ही शेव तरुण वर्गासाठी योग्य ठरते."

वाचताना खटकत नाही. प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे खरं आहे, फक्त बहुतेक वाक्यं चुकीच्या खोलीत बसली आहेत.

गोंधळ कुठून येतो

माझ्या मते हा गोंधळ अभ्यास कमी पडल्याने होत नाही. हे तिन्ही शब्द रोजच्या बोलण्यात दुसऱ्याच अर्थाने येतात, आणि परीक्षेत हात घाईत असला की रोजचा अर्थच कागदावर उतरतो.

'सेगमेंट' घ्या. गाडी घ्यायला गेलेला माणूस म्हणतो, "या सेगमेंटमध्ये हीच बरी." तिथे सेगमेंट म्हणजे गाड्यांचा गट. मार्केटिंगच्या पुस्तकात सेगमेंट हा माणसांचा गट असतो, वस्तूंचा नाही. त्यामुळे अर्धी मुलं विभागणीच्या उत्तरात "लौंग शेव, रतलामी शेव, उज्जैनी शेव, भाजलेली शेव" असे विभाग पाडतात. ती मालाची यादी झाली, बाजाराची विभागणी नव्हे.

'टार्गेट'चे तर दोन अर्थ घरात फिरत असतात. विक्रीच्या नोकरीतला बाप म्हणतो, "या महिन्याचं टार्गेट राहिलं." तो विक्रीचा आकडा. आणि मोबाइलवरच्या जाहिराती देणारे म्हणतात, "ही ॲड अमुक वयाला टार्गेट करा." तिथे टार्गेट करणं म्हणजे जाहिरात कोणाला दिसावी ते ठरवणं. भाचीने लिहिलेलं "पोहोचवणे" इथूनच आलं. पुस्तकातलं टार्गेटिंग हा त्याच्या कितीतरी आधीचा निर्णय आहे: उपलब्ध गटांपैकी कोणत्या गटासाठी धंदा करायचा आणि कोणता गट सोडायचा.

'पोझिशन' म्हटलं की जागा, क्रमांक. म्हणून दुकानातली दर्शनी फळी आठवते, किंवा "कंपनी पहिल्या क्रमांकावर आहे" असं वाक्य येतं. पुस्तकातली जागा ग्राहकाच्या डोक्यात असते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तुलनेत असते. त्यात हिंदी माध्यमातल्या मुलांची आणखी एक अडचण होते. 'लक्ष्य निर्धारण' आणि 'स्थिति निर्धारण' ही दोन्ही नावं कानाला जुळी लागतात, आणि कॉपीत एकाचा परिच्छेद दुसऱ्याच्या खाली गेलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे.

खरं तर या कल्पना एकत्र जन्मल्याही नाहीत. बाजार विभागणीची मांडणी वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली एका शोधनिबंधात केली. पोझिशनिंग हा शब्द जॅक ट्राउट यांनी १९६९ मध्ये पुढे आणला आणि १९७२ मध्ये अल रीस यांच्यासोबतच्या लेखमालेनंतर तो जाहिरात जगतात रुजला. पहिली कल्पना मागणी सगळीकडे सारखी नसते या निरीक्षणातून आली, दुसरी जाहिरातींच्या गर्दीत ग्राहकाला काय लक्षात राहतं या प्रश्नातून. पुढे शिकवण्याच्या सोयीसाठी त्या एका साखळीत ओवल्या गेल्या. साखळी लक्षात राहते, पण कड्या वेगळ्या आहेत हे विसरलं जातं.

कर्ता तपासा

मी मुलांना एकच युक्ती देते, ती व्याकरणाची. वाक्याचा कर्ता कोण आहे ते बघा.

विभागणीच्या वाक्यांत कर्ता ग्राहक असतो. "काही घरं रोज पोह्यांवर शेव घालतात." कंपनी अजून खोलीत आलेलीच नाही. टार्गेटिंगच्या वाक्यांत कर्ता कंपनी असते आणि क्रियापद निवडण्याचं किंवा सोडण्याचं असतं. "कंपनी हा गट घेते, तो सोडते, कारण..." पोझिशनिंगच्या वाक्यात निवडलेला ग्राहक आपल्या मालाला काय समजतो ते येतं, आणि त्यात दुसऱ्या पर्यायाचं नाव असावंच लागतं.

आता ही कसोटी भाचीच्या उत्तराला लावू. विभागणीच्या पहिल्याच वाक्यात "योग्य भाग निवडणे" आहे. निवडतं कोण? कंपनी. म्हणजे व्याख्येनेच दुसरा टप्पा गिळला. पुढचं वाक्य "कंपनी शेव बनवते", कर्ता परत कंपनी. विभागणीखाली ग्राहक कर्ता असलेलं एकही वाक्य नाही. शिवाय गट एकच सांगितला आहे. केळ्याचे तुकडे केले म्हणायचं आणि दाखवायचा एकच तुकडा, असं झालं. दोन-तीन गट एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय विभागणी झालीच नाही.

टार्गेटिंगखाली वय, शहर, उत्पन्न आलं आहे. हे विभागणीचे आधार. इथे यायला हवी होती निवड आणि तिचं कारण. बदल्यात आली जाहिरात. पोझिशनिंगखाली दुकान, किंमत, दर्जा आला: वितरण, किंमत, उत्पादन, म्हणजे मार्केटिंग मिक्स. पोझिशनिंग ठरल्यानंतरची ही कामं आहेत. शेवटी सुरुवातीचे "आरोग्याबद्दल जागरूक" लोक मध्येच "२० ते ५० वयाचे" झाले आणि शेवटच्या ओळीत "तरुण" झाले. एका पानावर तीन वेगळे ग्राहक.

त्या पेपरची गुणवाटणी तिला वर्गात सांगितली गेली होती: प्रस्तावना आणि क्रम १, आणि प्रत्येक टप्प्याला ३. तिला प्रस्तावनेचा १ मिळाला, विभागणीला १, टार्गेटिंगला १, पोझिशनिंगला अर्धा. टार्गेटिंगखालच्या वय-उत्पन्नाचे गुण विभागणीत का दिले नाहीत, असं तिने विचारलं. तपासणारा वाक्यं उचलून दुसऱ्या शीर्षकाखाली नेऊन बसवत नाही. त्याने तसं करूही नये, कारण कोणतं वाक्य कुठे जातं हाच तर प्रश्न होता.

पहिला टप्पा: शेव झाकून ठेवा

विभागणी लिहिताना प्रश्नातल्या कंपनीच्या नावावर आणि तिच्या मालावर मनातल्या मनात हात ठेवा. डोळ्यांसमोर फक्त शेव खाणारं इंदूर आणा. भाचीला मी तेच सांगितलं. "शेव कोण खातं?" "सगळेच." "सगळे सारखीच खातात?" मग ती बोलायला लागली आणि दहा मिनिटांत चार गट निघाले.

पहिला गट रोज शेव लागणाऱ्या घरांचा. सकाळी पोह्यांवर, जेवताना वरण-भाताबरोबर. ही घरं सुटी शेव किलोने घेतात, ठरलेल्या दुकानातून, आणि भावाकडे लक्ष ठेवतात. दुसरा गट तेल कमी करायचं ठरवलेल्यांचा. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं, कुणी स्वतःहून. पण पोहे शेवेशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत. तिसरा गट बाहेरगावी नेणाऱ्यांचा. पुण्याच्या काकांकडे जाताना बॅगेत शेवेची पाकिटं असतातच. त्यांना बांधणी, टिकाऊपणा आणि नावाजलेलं दुकान हवं. चौथा गट भंवरकुआँ भागात कोचिंगला आलेल्या पोरांचा. त्यांना पाच-दहा रुपयांची पुडी लागते, चहाबरोबर तिथेच संपवायची.

इथे आधार कोणता वापरला ते नावानिशी लिहायचं. हे गट ग्राहक शेव कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या फायद्यासाठी घेतो यावरून पडले, म्हणजे हा वर्तनात्मक आधार. भौगोलिक, लोकसंख्याशास्त्रीय, मानसशास्त्रीय आणि वर्तनात्मक हे चार आधार सगळ्यांना पाठ असतात. गुण मिळतात या प्रश्नासाठी त्यातला कोणता निवडला आणि का, हे लिहिल्यावर.

वयाचा आधार इथे का चालत नाही, ते एका ओळीत दाखवता येतं. रामबागेतल्या एकाच गल्लीत पंचेचाळीस वर्षांचे दोन शेजारी. दोघांचं उत्पन्न जवळपास सारखं. एक लौंग शेवेशिवाय जेवत नाही, दुसऱ्याने तेलकट बंद केलं आहे. वय आणि उत्पन्न दोघांना एकाच टोपलीत टाकतात, पण शेवेच्या बाबतीत ते एका टोपलीतले नाहीत. गट पडले की त्यांचं वर्णन करायला वय जरूर वापरावं: "या गटात चाळिशीपुढचे लोक जास्त असण्याची शक्यता." गट पाडायचा आधार वेगळा आणि पडलेल्या गटाचं वर्णन वेगळं. हा फरक ज्या कॉपीत दिसतो तिथे मी हात आखडत नाही.

दहा गुणांच्या उत्तरात तीन-चार गट पुरेत. प्रत्येकाला दोन ओळी. आठ गट पाडले की टार्गेटिंगला जागाच उरत नाही.

दुसरा टप्पा: सोडलेला गट लिहा

गट मोजता येईल का, त्याच्यापर्यंत पोहोचता येईल का, तो पुरेसा मोठा आहे का, इतरांपेक्षा वेगळा वागतो का, त्याच्यासाठी आपल्याला काही करता येईल का, या पाच कसोट्या पुस्तकात विभागणीच्या प्रकरणाच्या शेवटी असतात. मुलं त्या तिथेच यादीसारख्या लिहून टाकतात. लिहायला हरकत नाही, पण खरा उपयोग इथे आहे. हा दोन टप्प्यांमधला पूल आहे.

आता प्रश्नातले आकडे बाहेर काढायचे. ९० रुपयांना २०० ग्रॅम म्हणजे किलोला ४५० रुपये. सुटी शेव २६०. फरक १९० रुपयांचा. किलोने घेणारी पहिल्या गटातली घरं एवढा फरक का सोसतील? त्यांना कमी तेल हवंच आहे असं नाही. गट सगळ्यात मोठा आहे, तरी सोडायचा. इथेच मुलं अडखळतात. सगळ्यात मोठा गट सोडणं त्यांना चूक वाटतं, म्हणून ते कुणालाच सोडत नाहीत आणि "कंपनी सर्व वर्गांना टार्गेट करते" असं लिहितात. लिहायला बंदी नाही, पण मग त्याला अविभेदित मार्केटिंग म्हणतात, आणि ते निवडायचं तर वर चार गट पाडण्यात काय अर्थ होता ते सांगावं लागेल.

कोचिंगची पोरं पुडीच्या किमतीवर जातात. ९० चं पाकीट त्यांच्यासाठी नाही, आणि दहा रुपयांची पुडी करायला वेगळं पॅकिंग लागेल. बाहेरगावी नेणाऱ्यांना नावाजलेली चव न्यायची असते, नवीन प्रयोग नाही. काकांना "ही जरा वेगळी शेव आहे" असं समजावत बसायला कुणाला वेळ आहे?

राहिला दुसरा गट. तो पुरेल का? दिवसाला २०० किलो म्हणजे २०० ग्रॅमची १,००० पाकिटं, तीस दिवसांत ३०,०००. समजा या गटातलं एक घर महिन्याला चार पाकिटं घेतं. मग पूर्ण क्षमतेने भट्टी चालवायला ७,५०० घरं लागतील. इंदूरसारख्या मोठ्या शहरात तेल कमी करणारी एवढी घरं मिळणं अशक्य नाही, असं म्हणून पुढे जाता येतं. चार पाकिटं हे गृहीतक आहे हे मात्र स्पष्ट लिहायचं. दोनच पाकिटं धरली तर घरं १५,००० लागतील, आणि मग निर्णय जरा डळमळतो. असा हिशेब लिहिला की निवड केली आहे हे तपासणाऱ्याला दिसतं.

मग निवडीला नाव द्यायचं: एकाच गटावर भर, म्हणजे केंद्रित मार्केटिंग. तिचा धोका एका वाक्यात: एखाद्या मोठ्या कंपनीने याच गटासाठी माल आणला तर पळायला दुसरी जागा नाही. दोन-तीन गट घेऊन प्रत्येकासाठी वेगळा माल आणि वेगळी किंमत ठेवली असती तर ते विभेदित मार्केटिंग झालं असतं. हा शब्द लिहिताना सावध राहा. 'विभेदित मार्केटिंग' वेगळं आणि आपला माल इतरांपेक्षा वेगळा करणं, म्हणजे 'उत्पादन विभेदन', वेगळं. पहिलं टार्गेटिंगमधलं आहे, दुसरं पोझिशनिंगला खतपाणी घालतं. नावं सारखी असल्याने इथेही अर्धा-एक गुण गळतो.

जाहिरात, सोशल मीडिया, डिलिव्हरी यांतलं काहीही या टप्प्यात आलं तर खोडा.

तिसरा टप्पा: कोणाच्या तुलनेत?

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा जास्त थांबते. "पोझिशनिंग म्हणजे ग्राहकाच्या मनात स्थान निर्माण करणे" एवढं पाठ वाक्य बहुतेक जण लिहितात आणि पुढची ओळ येते, "म्हणून कंपनी उत्तम दर्जा देते." त्या दोन वाक्यांच्या मध्ये जे असायला हवं तेच नसतं.

पहिला प्रश्न: निवडलेल्या गटासमोर आज दुसरे पर्याय कोणते? भाची लगेच म्हणाली, "दुसऱ्या दुकानांची शेव." नीट विचार करा. तेल कमी करायचं ठरवलेल्या माणसाने तळलेली शेव मनाने बाद केली आहे, किंवा ती चोरून खातो. त्याच्या ताटाशी आज बसले आहेत भाजलेले चणे, मखाणे, मुरमुरे. आणि एक पर्याय असाही आहे ज्याचं दुकान नसतं: पोहे शेवेशिवाय खाणं. प्रतिस्पर्धी गटाप्रमाणे बदलतो. कोचिंगची पोरं निवडली असती तर प्रतिस्पर्धी वेफर्सची पुडी असती. म्हणून टार्गेटिंग आधी आणि पोझिशनिंग नंतर, हा क्रम उलटवता येत नाही.

दुसरा प्रश्न: कोणत्या बाबतीत आपण इतरांएवढेच आहोत आणि कोणत्या बाबतीत वेगळे? ही शेव शेवेसारखी कुरकुरीत आणि मसालेदार नसेल तर ती शेव म्हणून चालणारच नाही. ही बरोबरीची बाजू. तळलेली नाही, ही वेगळेपणाची बाजू. मुलं फक्त वेगळेपण लिहितात. पण या प्रकरणात बरोबरीची बाजूच जास्त नाजूक आहे. कारण "भाजलेली" म्हटलं की इंदुरी माणसाच्या मनात पहिली शंका येते ती चवीची.

कागदावर दोन रेषा काढा. आडव्या रेषेवर तेल, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. उभ्या रेषेवर पोह्यांवर घातल्यावर शेवेची मजा, खाली कमी, वर जास्त. तळलेली शेव उजवीकडे वर. चणे आणि मखाणे डावीकडे खाली. डावीकडे वरचा कोपरा रिकामा. आपल्या शेवेला तिथे बसायचं आहे. हा नकाशा उत्तरात काढायला दोन मिनिटं लागतात आणि मी तपासते तेव्हा तो अर्ध्या पानाच्या मजकुरापेक्षा जास्त सांगून जातो. अट एकच, नकाशावर प्रतिस्पर्धी हवेत. एकट्या आपल्या मालाचा ठिपका म्हणजे नकाशा नव्हे.

मग पोझिशनिंगचं वाक्य: "तेल कमी करायचं ठरवलेल्या, पण पोह्यांवर शेव लागतेच अशा इंदुरी घरांसाठी ही शेव चणे-मखाण्यांसारखा शेवेऐवजीचा पदार्थ नाही, ती शेवच आहे, फक्त तळलेली नाही, कारण ती भट्टीत भाजली जाते आणि तेलाचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं." कोणासाठी, कोणत्या पर्यायांच्या तुलनेत, काय वेगळं, आणि विश्वास का ठेवायचा, हे चारही त्यात आले. हे घोषवाक्य नाही. पाकिटावर हे छापत नाहीत. घोषवाक्य, किंमत, दुकान, जाहिरात हे सगळं या वाक्यावरून पुढे ठरतं.

पडताळणी सोपी आहे. वाक्यात आपल्या मालाच्या जागी मखाण्याचं नाव घाला. तरीही वाक्य खरं वाटलं तर ते पोझिशनिंग नाही. "उत्तम दर्जा, आरोग्यदायी, योग्य किंमत" हे मखाण्यालाही लागू पडतं, चण्यालाही, बहुधा साबणालाही.

टार्गेटिंग आणि पोझिशनिंग वेगळे आहेत हे एका उदाहरणाने दाखवायचं असेल तर टाटा नॅनो लिहा. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली गेली, २००९ मध्ये बाजारात आली. स्कूटरवर चौघं बसून जाणारं कुटुंब, हा गट नेमका होता आणि तो निवडण्यामागचं कारणही साफ होतं. पण लोकांच्या मनात ती "सगळ्यात स्वस्त गाडी" म्हणून बसली. स्कूटरवरून गाडीवर जाणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्यांच्या नजरेत वर जायचं असतं. स्वस्तातली गाडी दारात उभी करून ते साधत नव्हतं. ती प्रतिमा चुकली हे पुढे रतन टाटांनी स्वतः बोलून दाखवलं. विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहण्याची इतरही कारणं होती, त्यामुळे सगळं खापर पोझिशनिंगवर फोडू नका. पण गट बरोबर असूनही मनातली जागा चुकू शकते, एवढं त्यातून दिसतं, आणि परीक्षेत तेवढंच हवं असतं.

शेवटची तीन मिनिटं

तीन तासांत १०० गुणांचा पेपर असेल तर दहा गुणांच्या वाट्याला अठरा मिनिटं येतात. मी पंधरा मिनिटांत लिहायला आणि तीन मिनिटं पेन्सिल घेऊन वाचायला सांगते. विभागणीच्या भागात "कंपनी" शब्दाखाली रेघ मारा, रेघा दोनपेक्षा जास्त झाल्या तर काहीतरी बिघडलं आहे. टार्गेटिंगमध्ये "कारण" आणि सोडलेला गट शोधा. पोझिशनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याचं नाव शोधा. आणि ग्राहकाचं वर्णन जिथे जिथे आलं आहे तिथे गोल करा, दुसऱ्या टप्प्यापासून शेवटपर्यंत तो एकच माणूस आहे ना ते बघा.

"तीन संकल्पनांतील फरक लिहा" असा पाच गुणांचा प्रश्न आला तर तक्ता काढा, पण व्याख्यांचा नको. रकाने ठेवा: कोणत्या प्रश्नाचं उत्तर, कर्ता कोण, हाती काय येतं. विभागणीतून गटांची यादी हाती येते, टार्गेटिंगमधून निर्णय, पोझिशनिंगमधून एक वाक्य.

भाचीने परवा दुसरा प्रश्न सोडवून आणला, चकलीच्या भाजणीचा. विभागणी छान जमली होती. चार गट, आधार वर्तनात्मक, कंपनी कुठेच नाही. टार्गेटिंगमध्ये तिने घरी भाजणी दळून आणणाऱ्या सासवांचा गट सोडला होता आणि कारणही दिलं होतं. "त्यांना विकतची भाजणी म्हणजे सुनेचा आळस वाटतो," असं लिहिलं होतं. मी हसले आणि तिथे बरोबरची खूण केली. पोझिशनिंगमध्ये मात्र लिहिलं होतं, "नोकरी करणाऱ्या मराठी बायकांसाठी घरगुती चवीची उत्तम भाजणी."

"कोणाच्या तुलनेत?" मी विचारलं.

"दुसऱ्या ब्रँडच्या भाजणीच्या."

"नोकरी करणारी बाई दिवाळीत दुसऱ्या ब्रँडची भाजणी आणते?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही गं मावशी. ती तयार चकल्याच आणते." आणि वाक्य खोडायला घेतलं.